वाइड शॉटमध्ये शर्टावर इंद्रधनुष्यी लाटा, क्लोजमध्ये काहीच नाही. दोष कॅमेऱ्याचा की कपड्याचा?

खाडीकाठ | बुधवार, रात्री ९:४०

आम्ही तिघं मिळून ठाण्यातल्या जुन्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड करतोय. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका आजींपासून सुरुवात केली. खाडीत मासे कुठे आणि कसे मिळायचे, बाजार कुठे भरायचा, असं सगळं त्या दीड तास बोलल्या. दोन कॅमेरे होते, एकाच मॉडेलचे. एक समोरून वाइड, त्यात आजी आणि शेजारी बसलेला त्यांचा नातू. दुसरा बाजूने, आळीपाळीने दोघांवर क्लोज. दोन्ही १०८० वर.

घरी येऊन बघते तर वाइडमध्ये नातवाच्या शर्टावर गुलाबी-हिरव्या लाटा फिरतायत. तो श्वास घेतो तशा त्या सरकतात. शर्ट साधाच, पांढऱ्यावर निळ्या बारीक रेघा. आजींचं लुगडं चौकडीचं आहे, पण त्यावर काहीही नाही. आणि बाजूच्या कॅमेऱ्यात तोच शर्ट अगदी स्वच्छ दिसतो!

वाइडचा कॅमेरा दुरुस्तीला द्यायचा का? येत्या रविवारी नौपाड्यात एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलाखत आहे. दोघंही सत्तरीपुढचे. त्यांना कपड्यांबद्दल काय सांगू, हेही कळत नाहीये.

---

वाशी_सेक्टर१७ | बुधवार, रात्री १०:०५

शटर किती होतं? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे २५ फ्रेम्सला शटर ५० हवं. ६० ठेवलं असेल तर ट्यूबलाइटमुळे पट्टे येतात. मला हे झालंय, शटर बदललं आणि गेलं. आणि पुढच्या वेळी फोर-केमध्ये शूट करा, मग हा प्रॉब्लेम येतच नाही.

---

खाडीकाठ | बुधवार, रात्री १०:२०

शटर ५०च होतं, दोन्हीकडे. भिंतीवर पट्टे नाहीत, फक्त शर्टावर आहेत.

---

कळवा_कॅमेरा | बुधवार, रात्री ११:३०

ताई, कॅमेरा दुरुस्तीला देऊ नका, तो शाबूत आहे. मी बावीस वर्षं बातम्यांचा कॅमेरा चालवला. आमच्यात याला 'कपडा नाचतोय' म्हणायचे, पुस्तकी नाव मोआरे. वाशीकरांनी सांगितलेला ट्यूबलाइटचा पट्टा हा वेगळा आजार. तो भिंतीवर, चेहऱ्यावर, सगळीकडे सारखा येतो आणि माणूस हलला तरी त्याला फरक पडत नाही. मोआरे कपड्यालाच चिकटून असतो, माणसाबरोबर हलतो. तुम्ही लिहिलेलं 'श्वासाबरोबर सरकतात' हेच त्याचं लक्षण.

तोच शर्ट एका कॅमेऱ्यात नाचतो आणि दुसऱ्यात नाही, याचं उत्तर पट्टीने मोजून मिळतं. तो शर्ट हाताशी आहे का? एक निळी रेघ आणि तिच्या शेजारची पांढरी जागा, दोन्ही मिळून किती मिलिमीटर होतात? आणि वाइडची चौकट माणसांच्या जागी साधारण किती रुंद होती?

---

खाडीकाठ | गुरुवार, सकाळी ८:१५

नातवाला फोन करून मोजायला लावलं. दहा रेघा मिळून २० मिलिमीटर, म्हणजे जोडी २ मिलिमीटरची. वाइडमध्ये दोघं आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा, दोन मीटर तरी असेल. क्लोजमध्ये फक्त नातू, छातीपासून वर, साधारण सत्तर सेंटिमीटर.

---

कळवा_कॅमेरा | गुरुवार, सकाळी ९:००

दहा रेघा मोजून भागाकार केला, हे फार चांगलं केलंत. एकच रेघ मोजायला गेलं की चूक होते.

१०८०च्या चित्रात आडवे १९२० ठिपके. चौकट दोन मीटर रुंद, म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला जवळपास १ मिलिमीटर कपडा आला. तुमची जोडी २ मिलिमीटरची, म्हणजे तिला दोनच ठिपके मिळाले: एक निळ्याला, एक पांढऱ्याला. आता रेघ ठिपक्यावर नेमकी बसली तर ठीक, पण दोन ठिपक्यांच्या मध्ये पडली की निळं-पांढरं अर्धं-अर्धं होऊन दोन्ही ठिपके करडे होतात. शर्ट सपाट नसतो, घड्या असतात, छाती वर-खाली होते. त्यामुळे काही ठिकाणी रेघा बसतात, काही ठिकाणी चुकतात, आणि या बसण्या-चुकण्याचीच लाट आपल्याला दिसते. ती शर्टात कुठेच नसते.

क्लोजमध्ये चौकट सत्तर सेंटिमीटर, एका ठिपक्याला ०.३६ मिलिमीटर. जोडीला साडेपाच ठिपके मिळाले. कॅमेऱ्याला रेघ ओळखायला तेवढे पुरले. आजींच्या लुगड्याची चौकडी बोटभर असेल, ती दोन मीटरच्या चौकटीतही सुखरूप.

आता गुलाबी-हिरवं कुठून आलं? सेन्सरच्या दर चार ठिपक्यांत दोन हिरवं टिपतात, एक लाल आणि एक निळं. बाकीचा रंग कॅमेरा शेजाऱ्यांकडे बघून भरून काढतो. म्हणजे रंगाच्या बाबतीत त्याची नजर आणखी जाड. रेघेची पांढरी बाजू लाल ठिपक्यावर पडली आणि निळी बाजू हिरव्यावर, की तो समजतो इथे गुलाबी आहे. पुढच्या वळीवर उलटं होतं.

म्हणून मी जोडीला कमीत कमी चार ठिपके मागतो, पाच-सहा मिळाले तर निर्धास्त. तोंडी हिशेब असा: चौकट दोन मीटरची असेल तर जोडी ५-६ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, एक मीटरची असेल तर अडीच-तीनपेक्षा बारीक नको. चौकटीची रुंदी अंदाजाने नका धरू. माणूस बसेल तिथे मेजर टेप आडवी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती दिसते ते बघा, दोन मिनिटांचं काम.

---

वाशी_सेक्टर१७ | गुरुवार, सकाळी ९:४०

मग फोर-केमध्ये ठिपके दुप्पट, म्हणजे माझं बरोबरच निघालं ना?

---

कळवा_कॅमेरा | गुरुवार, सकाळी १०:१०

निम्मं बरोबर. दोन मीटरच्या चौकटीत फोर-केचे ३८४० ठिपके म्हणजे या शर्टाच्या जोडीला जवळपास चार मिळतील. लाटा खूप कमी होतील, पण रंगाची किनार तरी दिसू शकते, कारण लाल आणि निळ्याच्या वाट्याला त्या चारांतले दोनच येतात. आणि धोका संपत नाही, तो जास्त बारीक कपड्यावर सरकतो. १०८०ला २ मिलिमीटरचा शर्ट नाचला, फोर-केला १ मिलिमीटरचा नाचेल.

दुसरं असं की फोर-के शेवटी लोक फोनवर लहान करूनच बघतात. लहान करताना सॉफ्टवेअरने शेजारचे ठिपके नीट मिसळले तर रेघा शांतपणे करड्या होतात. मधले ठिपके नुसते गाळले तर मोआरे तिथे नव्याने जन्म घेतो. म्हणून ताई, तुमच्या फुटेजवरही एकदा खात्री करा. एडिटिंगमध्ये चित्र १०० टक्क्यांवर ठेवून बघा. खिडकी लहान-मोठी केली की लाटांचा आकार बदलत असेल आणि १०० टक्क्यांवर त्या गायब होत असतील, तर रेकॉर्डिंग चांगलं आहे, फसवतोय तो तुमचा स्क्रीन.

---

खाडीकाठ | गुरुवार, सकाळी १०:४५

१०० टक्क्यांवर पण आहेत. म्हणजे रेकॉर्डिंगमध्येच गेल्या. आता काही करता येईल का?

---

कळवा_कॅमेरा | गुरुवार, सकाळी ११:००

रंग काढता येईल. शर्टाभोवती मास्क करा आणि तेवढ्यापुरता फक्त रंगाचा थर ब्लर करा, उजेड-अंधाराचा नको. गुलाबी-हिरवं जाईल, शर्ट फिकट निळा दिसेल. पण करड्या पट्ट्यांची जी हालचाल आहे ती राहील, कारण तिथली खरी रेघ कॅमेऱ्यात आलेलीच नाही, परत कुठून आणणार? नातू बोलत असेल तेव्हा क्लोज वापरा. वाइड लागेलच तिथे फ्रेम थोडी कापून आजींकडे न्या.

---

जांभळीनाका_कापडवाली | गुरुवार, दुपारी १:२०

आमचं कापडाचं दुकान आहे, त्या बाजूने सांगते. काकांनी रेघा-चौकडीचं सांगितलं, पण 'प्लेन घाला' म्हणून सांगितलंत तरी फसाल. फिल-अ-फिल नावाचं शर्टिंग येतं: एक धागा पांढरा, एक रंगीत, उभे-आडवे दोन्ही. हातभर अंतरावरून तो शर्ट सरळ प्लेन आकाशी दिसतो. गिऱ्हाईक प्लेन म्हणूनच घेतं. सेंटिमीटरला ४० धागे धरले तर एक पांढरा आणि एक निळा मिळून अर्धा मिलिमीटर झाला. काकांच्या हिशेबाने हा कुठे नाचेल?

आणखी एक. ऑर्गंझा, टिश्यू, पातळ कोटा, असल्या पारदर्शक कापडाचा पदर दुमडून खांद्यावर आला की एक थर दुसऱ्यावर पडतो आणि नुसत्या डोळ्यांनासुद्धा पाण्यासारख्या लाटा दिसतात. त्यात कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. मोआरे हे नावच मुळात लाटा उमटवलेल्या रेशमी कापडाचं आहे.

---

कळवा_कॅमेरा | गुरुवार, दुपारी २:०५

ताई, तुमचा प्रश्न फार नेमका आहे. फिल-अ-फिल वाइडमध्ये सहसा त्रास देत नाही. दोन मीटरच्या चौकटीत एका ठिपक्यात दोन-दोन जोड्या मावतात आणि लेन्स एवढं बारीक काही धारदार पोचवत नाही, सगळं मिसळून आकाशी होतं. तो नाचतो क्लोजमध्ये. सत्तर सेंटिमीटरच्या चौकटीत अर्ध्या मिलिमीटरच्या जोडीला दीड ठिपकासुद्धा मिळत नाही, आणखी जवळ गेलं, पस्तीस सेंटिमीटर, तर पावणेतीन. दोन्ही वाईट. म्हणजे रेघांचा शर्ट वाइडमध्ये फसवतो आणि हा 'प्लेन' शर्ट नेमका क्लोजमध्ये, जिथे माणूस मनातलं बोलत असतो.

पारदर्शक पदराचं मला असं सुटं कधी सुचलं नव्हतं. खांद्यावरच्या थराखाली त्याच रंगाचं अस्तर लावलं तर थांबेल ना?

---

जांभळीनाका_कापडवाली | गुरुवार, दुपारी २:३०

थांबेल. नाहीतर पदराच्या निऱ्या घट्ट घालून पिन लावायची, म्हणजे थर एकमेकांवर सैल सरकत नाहीत.

---

ऐरोली_अनघा | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

माझापण इंटरव्ह्यू आहे सोमवारी! आयटी कंपनी, पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. मी सावळी आहे. आई म्हणते फिकट गुलाबी घाल, उजळ दिसशील. मैत्रीण म्हणते पांढराच फॉर्मल. वरचं वाचून रेघांचा तर कॅन्सल केला. रंगाचं कोणी सांगेल का?

---

खाडीकाठ | गुरुवार, संध्याकाळी ७:१५

अनघा, आमची मुलाखत वेगळ्या अर्थाची आहे, पण रंगाचा प्रश्न माझाही तोच आहे. आमचे शिक्षक काका सावळे आहेत आणि आयुष्यभर नीळ दिलेला पांढरा शर्ट घालत आले. त्यांची बहीण गव्हाळ. फोनवर म्हणाल्या, बिस्किट रंगाची साडी नेसेन. खोलीची भिंत क्रीम आहे.

---

जांभळीनाका_कापडवाली | गुरुवार, रात्री ८:३०

आधी अंगाचा कल बघायचा. उन्हात मनगटाच्या शिरा हिरवट दिसल्या तर उबदार: त्यांना हळदी, विटकरी, शेवाळी, मरून. निळसर दिसल्या तर थंड: त्यांना जांभळा, गुलबक्षी, चिंतामणी. आम्ही दुकानात कापड हनुवटीखाली धरून आरशात दाखवतो. गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो की मलूल होतो ते लगेच दिसतं. फिकट गुलाबी सगळ्या सावळ्या मुलींना शोभत नाही. मोरपंखी किंवा डाळिंबी देऊन बघा.

---

कळवा_कॅमेरा | गुरुवार, रात्री ९:४५

मोरपंखी आणि डाळिंबीला माझं पूर्ण अनुमोदन. शिरांच्या परीक्षेवर मात्र माझा कॅमेऱ्यापुरता भरवसा नाही. खोलीत पिवळा बल्ब आणि खिडकीतून निळसर उजेड असेल तर तोच हात एका बाजूने उबदार आणि दुसऱ्या बाजूने थंड दिसतो. आमच्याकडे रंग मोजायचा वेक्टरस्कोप असतो. त्यात गोरा, गव्हाळ, सावळा, काळा, कुठलाही चेहरा जवळजवळ एकाच रेषेवर पडतो, कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं सारखं. ठळक फरक असतो तो उजेड किती परत फेकला जातो याचा. मी तिथूनच सुरुवात करतो.

शिक्षकांचं घ्या. पांढरा शर्ट त्याच्यावर पडलेल्या उजेडातला ८०-९० टक्के परत फेकतो, गडद सावळी कातडी त्याचा सहावा-सातवा हिस्सा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट, म्हणून हा फरक अडीच-तीन स्टॉपचा झाला. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो शर्ट बघून घाबरतो आणि सगळंच खाली ओढतो. शर्ट छान येतो, चेहरा काळवंडतो, डोळे दिसत नाहीत. मग लोक म्हणतात, सावळ्या माणसांचं शूटिंग अवघड. अवघड काही नाही. एक्सपोजर मॅन्युअलवर घ्यायचं आणि चेहऱ्यासाठी लावायचं.

त्यांना शर्ट बदलायला लावू नका. चेहऱ्यावर मऊ दिवा द्या आणि त्याच दिव्याचा खालचा भाग काळ्या कापडाने अडवा, म्हणजे छातीवर उजेड कमी पडेल. एक स्टॉप तिथेच वाचतो. वर जाकीट असेल तर विचारून बघा, पांढऱ्याचा फक्त गळ्याशी त्रिकोण राहतो. नीळ आणि पावडरची चमक मात्र पांढऱ्याला निळसर करते, म्हणून व्हाइट बॅलन्स त्या शर्टावर धरू नका, साधा कागद किंवा करडं कार्ड धरा.

बहिणीचा प्रश्न उलटा. गव्हाळ चेहरा, बिस्किट साडी, क्रीम भिंत, तिन्ही एकाच उजेडाचे. चेहरा चित्रात विरघळून जाईल. त्यांच्याकडे गडद एखादी असेलच, ती मागा. खात्री करायची सोपी रीत: फोनवर फोटो काढून त्याचा रंग काढून टाका. काळ्या-पांढऱ्यात चेहरा साडीपासून आणि भिंतीपासून सुटा दिसला की झालं. फक्त भडक लाल या परीक्षेत फसवतो. काळ्या-पांढऱ्यात तो शांत करडा दिसतो, पण कॅमेऱ्यात त्याचा लाल भाग आधीच भरून वाहतो आणि साडीच्या निऱ्या जाऊन नुसता लाल गोळा राहतो. गर्द डाळिंबी चालेल, कुंकवाचा लाल टाळा.

अनघा, तुझ्या लॅपटॉपला मॅन्युअल नसतं, म्हणून तुला पांढरा नको. मध्यम-गडद, एकरंगी, जरा जाड कापड. खिडकी समोर घे, पाठीमागे नको. उजळ दिसायचा प्रश्नच नाही, चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.

---

जांभळीनाका_कापडवाली | गुरुवार, रात्री १०:१०

कल नसतोच असं मात्र मी मानणार नाही. त्याच उजेडात, त्याच आरशात मोहरी रंग एकीला खुलतो आणि तिच्याच रंगाच्या बहिणीला आजारी करतो, हे मी रोज बघते. पोपटी आणि लिंबू रंगाचं तर तुम्हीही मान्य कराल, हनुवटीखाली त्याची छाया पडते.

---

कळवा_कॅमेरा | गुरुवार, रात्री १०:३०

पोपटीची छाया पडते, शंभर टक्के. कापडावरून उलटलेला तो उजेडच आहे, मानेवर स्पष्ट दिसतो. मोहरीबद्दल तुमची नजर खोटी म्हणत नाही. कॅमेऱ्यावर मला ते दिव्यापासून वेगळं काढून दाखवता आलेलं नाही, एवढंच.

---

ऐरोली_अनघा | शुक्रवार, दुपारी १२:१५

फोटोची परीक्षा केली. फिकट गुलाबीत लॅपटॉपने चेहरा खरंच काळा केला. ताईंनी सुचवलेला मोरपंखी कुर्ता घातला तर डोळे दिसतात. आईला दोन्ही फोटो दाखवले, ती म्हणाली मोरपंखी.

---

खाडीकाठ | रविवार, रात्री १०:५०

आत्ता घरी आले, सगळं फुटेज १०० टक्क्यांवर बघितलं, मग लिहितेय.

काकांनी पांढराच शर्ट घातला होता. जाकीट विचारलं, तर म्हणाले, मी शाळेत कधी जाकीट घालून गेलो नाही. विषय तिथे संपवला. दिव्याखाली छत्रीचं काळं कापड बांधलं, एक्सपोजर चेहऱ्यासाठी लावलं. शर्टाच्या कॉलरवर थोडा भाग कोरा पांढरा गेलाय, पण बोलताना त्यांचे डोळे पाणावले ते दिसतं.

बाईंनी बिस्किट साडी बाजूला ठेवून गडद जांभळी इरकल काढली, आईची होती म्हणाल्या. साडी बघून आनंद झाला आणि अंगावर बारीक चौकडी बघून धस्स झालं. दहा चौकड्या मोजल्या, ३० मिलिमीटर. टेप धरली तर वाइड दोन मीटर, म्हणजे एका चौकडीला तीन ठिपके. दोन्ही खुर्च्या जवळ आणल्या, कॅमेरा पुढे घेतला, चौकट १ मीटर ३० सेंटिमीटरवर आली. चौकडीला साडेचार ठिपके झाले. लाटा नाहीत. फक्त बाई एकदा पदर घ्यायला वळल्या, तेव्हा खांद्यावर चौकडी तिरकी झाली आणि दोन सेकंद किंचित रंग चमकला.

ब्लाउज खणाचा होता. क्लोजमध्ये बाहीवर एका जागी काहीतरी थरथरतंय, लाट म्हणावी अशी नाही, बारीक किरकिर आहे. चौकट साठ सेंटिमीटरची होती आणि खणाची बुट्टी चांगली ५-६ मिलिमीटरची, हिशेबाने नाचायला नको. काका, हे काय असेल?

---

कळवा_कॅमेरा | रविवार, रात्री ११:२०

तिरकं झालं की चौकडी कॅमेऱ्याला अरुंद दिसते, तीनाची दोन होते, ते दोन सेकंद त्याचे. खणाचं मात्र बघितल्याशिवाय सांगत नाही. बुट्टी मोठी असली तरी मधल्या विणीत दोन रंगांचे धागे असतात, तीच नाचत असेल. किंवा फाइलच्या कॉम्प्रेशनला एवढी बारीक वीण पेलली नसेल. त्या जागेची एक फ्रेम पाठवा, आणि जांभळीनाक्याच्या ताईंना विचारा, त्या खणात सेंटिमीटरला किती धागे असतात.

---

जांभळीनाका_कापडवाली | सोमवार, सकाळी ९:३०

खणाखणात फरक असतो. दुकानात दोन ठाण आहेत, भिंगाखाली मोजून संध्याकाळी लिहिते.